एक ‘दोष’, तीन अर्थ

मराठीत ‘दोष’ म्हणजे उणीव किंवा चुकीचा ठपका. हाच संस्कृत शब्द इंडोनेशियन भाषेत ‘दोसा’ या रूपाने रुळला. तेथे त्याचा अर्थ ‘पाप’ असा होतो. इस्लामच्या प्रसारानंतरही तो टिकला. तेथील मुस्लिम आणि ख्रिस्ती दोघेही पापाला ‘दोसा’च म्हणतात.

थाई भाषेत अर्थ आणखी पुढे सरकला. तेथे ‘थोत’ म्हणजे दोषाबद्दल मिळणारी शिक्षा. मृत्युदंडाला ‘थोत प्रहान चिवित’ म्हणतात. त्यात दोष, प्रहार आणि जीवित हे तिन्ही शब्द दडलेले आहेत. क्षमा मागतानाही ‘खो थोत’ असेच म्हणतात. ‘खो’ म्हणजे मागणे.

‘दोष’चा ‘थोत’ झाला तो उच्चारात. थाई भाषेत शब्दाच्या शेवटी येणारा ‘ष’ ‘त’सारखा उच्चारला जातो, लिहिताना मात्र ‘ष’चेच अक्षर कायम राहते आणि त्यावरून मूळ शब्द ओळखता येतो.

केवळ उच्चारसाम्यावर विसंबणे मात्र फसवे ठरते. थाई भाषेतील ‘थोसा’ हा शब्द इंडोनेशियन ‘दोसा’च्या जवळचा वाटतो, पण त्याचा अर्थ ‘राग’ आहे. तो पाली ‘दोस’वरून आला असून त्याचे संस्कृत रूप ‘दोष’ नव्हे, तर ‘द्वेष’ आहे.