‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे फुकट नव्हे: एका शब्दाचा आणि त्यामागच्या परवान्यांचा इतिहास

१/ लग्नसमारंभाचे चित्रण करणारा व्यावसायिक ‘रॉयल्टी-फ्री’ असे लिहिलेली धून उतरवून घेतो, चित्रफितीवर चढवतो आणि निर्धास्त होतो. हा शब्द मात्र ‘मोफत’ या अर्थाने रूढ झाला नव्हता. एका जुन्या आकारणीला पर्याय म्हणून तो आला. ती आकारणी समजली की आजचे परवाने वाचणे सोपे होते.

२/ १९०९ मध्ये मायर डी वुल्फ यांनी लंडनमध्ये संगीतसंग्रह सुरू केला. मूकपट चालू असताना चित्रपटगृहातील वादकांना प्रसंगानुरूप स्वरलिपी पुरवणे हे त्याचे काम होते. बोलपट आले आणि स्वरलिपीची जागा ध्वनिमुद्रणाने घेतली. अशा तयार संगीताचा हिशेब पुढे ‘नीडल ड्रॉप’ पद्धतीने होऊ लागला: तबकडीवर सुई जितक्या वेळा टेकेल, तितक्या वेळा शुल्क. एकच धून त्याच चित्रपटात दोन ठिकाणी आली, तर शुल्कही दोनदा.

३/ ‘रॉयल्टी-फ्री’ ही याच्या उलट रीत. परवाना एकदा विकत घ्यायचा आणि मग ठरलेल्या मर्यादेत तो हवा तितका वापरायचा. सुटका मिळते ती दर वापरामागच्या शुल्कातून. संगीताचे हक्क ग्राहकाकडे येत नाहीत. ती ‘ठरलेली मर्यादा’ परवान्यात लिहिलेली असते. अनेक संग्रह वैयक्तिक वापराचा आणि ग्राहकासाठी केलेल्या कामाचा परवाना वेगवेगळा विकतात. पैसे घेऊन केलेल्या चित्रफितीला दुसराच लागतो.

४/ खरोखर विनामूल्य संगीताची वाट वेगळ्या दिशेने आली. २००१ मध्ये अमेरिकेत ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ ही संस्था स्थापन झाली आणि डिसेंबर २००२ मध्ये तिचे पहिले परवाने प्रसिद्ध झाले. परवान्याच्या नावातील अक्षरे म्हणजे अटी: BY म्हणजे श्रेय द्या, NC म्हणजे व्यापारी वापर नको, ND म्हणजे बदललेली कृती नको, SA म्हणजे नवी कृतीही त्याच परवान्याखाली द्या.

५/ समजा, नाशिकच्या एका लग्नाची पाच मिनिटांची चित्रफीत ६०,००० रुपयांना ठरली आहे आणि ती यूट्यूबवरही जाणार आहे. धून CC BY-NC असेल तर ती बाजूला ठेवावी. NC ची व्याख्या वापरणारा कोण हे पाहत नाही. वापर मुख्यतः व्यापारी लाभासाठी किंवा आर्थिक मोबदल्यासाठी आहे का, हे पाहते. ‘संगीताचे वेगळे पैसे घेतले नाहीत’ हा बचाव दुबळा आहे, कारण मोबदला संगीतासह पूर्ण चित्रफितीचा असतो.

६/ CC BY-ND ची धून मात्र भल्याभल्यांना चकवते. धुनीचा एक सूरही बदलला नाही, मग अडचण कसली? उत्तर २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीत आहे. हलत्या चित्राशी संगीताचा कालमेळ घालणे म्हणजेच नवी, आधारित कृती निर्माण करणे, असे तिच्यात स्पष्ट लिहिले गेले. २०१३ च्या चौथ्या आवृत्तीतही हा नियम कायम आहे. तिच्यानुसार अशी कृती खासगीत तयार करता येते, पण लोकांसमोर मांडता येत नाही. म्हणजे ही धून यूट्यूबवरच्या चित्रफितीत बसत नाही, मग पैसे घेतलेले असोत वा नसोत.

७/ CC BY-SA पैशाला आडवा येत नाही, परंतु ती चित्रफीत प्रकाशित करताना त्याच परवान्याखाली द्यावी लागते. मग वधूवरांच्या चित्रफितीची प्रत कोणीही काढावी, बदलावी, विकावी. बहुतेक कुटुंबांना हे रुचणार नाही. उरतात दोन: CC BY, जिथे धुनीचे नाव, संगीतकार, परवाना आणि दुवा वर्णनात द्यावा लागतो, आणि २००९ मध्ये आलेला CC0, ज्यात श्रेयाचीही अट नाही.

८/ ‘लग्नात गाणी वाजवायला कायद्याने सूट आहे’ असे येथे हमखास सांगितले जाते. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मधील ती सूट वरातीत आणि लग्नाशी निगडित समारंभात संगीत वाजवण्यापुरती आहे. तेच संगीत नंतर चित्रफितीवर चढवणे ही वेगळी कृती, आणि तिला वेगळा परवाना लागतो.

९/ परवाना योग्य असूनही यूट्यूबची स्वयंचलित ओळखयंत्रणा दावा लावू शकते, कारण तीच धून दुसऱ्या कुणी आपल्या नावावर नोंदवलेली असू शकते. म्हणून धून उतरवली त्याच दिवशी परवान्याच्या पानाची तारखेसह प्रत जपून ठेवावी. सुई टेकल्याची नोंद पूर्वी संग्रहाच्या वहीत होई. आता ती वही चित्रणकाराने ठेवायची आहे.