एका फोल्डरचे दोन पहारेकरी

दिघीत एक छोटं ऑफिस आहे असं धरू. भोसरी एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी जिग-फिक्श्चरची ड्रॉइंग करून देणारं. कोपऱ्यात विंडोज सर्व्हर, त्याच्या डी ड्राइव्हवर Drawings हा फोल्डर, आणि तोच नेटवर्कवर शेअर केलेला. डिझाइनच्या ग्रुपला फोल्डरवर 'मॉडिफाय' दिलेलं आहे. तरी त्या ग्रुपमधली मुलगी आपल्या पीसीवरून ड्रॉइंग उघडते, एक माप बदलते, सेव्ह करायला जाते आणि तिला नकार मिळतो. सर्व्हरवर थेट लॉगिन केलं तर तीच फाइल तिच्याच नावाने निमूट सेव्ह होते. फोल्डरचा 'सिक्युरिटी' टॅब पुन्हा पुन्हा पाहून उपयोग नाही. तिथे सगळं ठीकच आहे.

हा घोळ समजायला डॉसच्या काळात जावं लागतं. तेव्हाच्या फॅट पद्धतीच्या डिस्कवर फाइलला मालकच नसे. 'फक्त वाचा', 'लपवलेली' अशा दोन-चार खुणा असत, आणि त्या कुणीही पुसू शके. अशा डिस्कवरचा फोल्डर नेटवर्कवर मोकळा करायचा तर अडवायचं कुठे? फाइलपाशी सोय नव्हती, म्हणून नेटवर्कच्या दारात अडवलं. मायक्रोसॉफ्टचं १९८७ चं लॅन मॅनेजर याच वळणाचं. १९९२ च्या विंडोज फॉर वर्कग्रुप्समध्ये आणि पुढे विंडोज ९५ मध्ये तर शेअरला थेट पासवर्ड लावता येई: एक नुसतं वाचण्याचा, दुसरा सगळं करण्याचा. पासवर्ड कळला की माणूस कोण हा प्रश्न संपला. आणि त्या मशीनसमोरच बसलेल्याला हा पहारा लागूच होत नसे, कारण तो नेटवर्क सेवेचा होता, डिस्कचा नव्हे.

जुलै १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ आलं. डिजिटल कंपनीतून आलेल्या डेव्ह कटलर यांच्या चमूने ते घडवलं होतं. त्यासोबत एनटीएफएस आली आणि प्रत्येक फाइलला, प्रत्येक फोल्डरला मालक आणि परवानग्यांची यादी मिळाली. आता नेटवर्कने या की खुर्चीत बसून, पहारा तोच. खरं तर इथे जुन्या दाराचं काम बरंचसं संपलं होतं. पण एनटीवरही फॅटच्या डिस्क चालत आणि त्यांना दुसरं संरक्षण नव्हतं. दार राहिलं. आजही विंडोजमधल्या फाइल शेअरिंगच्या सेवेचं नाव LanmanServer आहे, आणि शेअरच्या परवानग्या फोल्डरसोबत नाही, तर रजिस्ट्रीत या सेवेखाली साठवल्या जातात. म्हणून डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर एनटीएफएसच्या याद्या तिच्यासोबत जातात, शेअरच्या मागेच राहतात.

दोघांचा हिशेब एकत्र कसा होतो, हे आता सोपं आहे. प्रत्येक पहारेकरी आधी आपली यादी स्वतंत्रपणे पाहतो. माणूस ज्या ज्या ग्रुपमध्ये आहे त्या सगळ्यांची परवानगी तो एकत्र धरतो. स्पष्ट 'डिनाय' असेल तर ते वरचढ. मग नेटवर्कने आलेल्याला दोघांचाही होकार लागतो, म्हणजे दोन्ही याद्यांत जे आहे तेवढंच हाती येतं. मुलीच्या बाबतीत एनटीएफएस म्हणते 'मॉडिफाय', शेअर म्हणतो 'एव्हरीवन: रीड'. दोन्हींत असलेलं काय? वाचणं. सर्व्हरवर बसल्यावर शेअरचा पहारेकरी वाटेतच नसतो, म्हणून तिथे 'मॉडिफाय' पूर्ण मिळतं.

तो 'रीड' कुणी मुद्दाम लावला नसावा. एनटी आणि विंडोज २००० मध्ये नवा शेअर 'एव्हरीवन: फुल कंट्रोल' घेऊन जन्माला येई, सर्व्हर २००३ पासून तो 'एव्हरीवन: रीड' झाला. 'शेअरला हात लावू नका, सगळं एनटीएफएसवर करा' हा जुन्या ॲडमिनचा सल्ला त्या दिवसापासून अर्धवट ठरला. वर सर्व्हर २००३ च्या 'इफेक्टिव्ह परमिशन्स' टॅबमध्ये शेअरचा हिशेब धरलेलाच नव्हता, त्यामुळे तो टॅबही 'मॉडिफाय' असंच सांगे. दोन्ही याद्या स्वतः शेजारी ठेवून पाहाव्यात:

```
Get-SmbShareAccess -Name Drawings
icacls D:\Drawings
```

दुरुस्ती म्हणून बहुतेक जण शेअरवर 'फुल कंट्रोल' देऊन मोकळे होतात. माझ्या मते 'चेंज' द्यावं. कारण एनटीएफएसमध्ये फाइल बनवणारा तिचा मालक ठरतो, आणि मालकाला आपल्या फाइलच्या परवानग्या बदलण्याचा हक्क एरवी यादीत न लिहिताही असतो. शेअर 'फुल कंट्रोल' असेल तर ती मुलगी आपल्या पीसीवरून स्वतःच्या ड्रॉइंगवर क्वालिटीवाल्यांना बंदी घालू शकेल. 'चेंज'मध्ये वाचणं, लिहिणं, खोडणं बसतं. परवानग्या बदलणं बसत नाही.