मुंज, जनेऊ, उपनयन: एका संस्काराची तीन नावे

गेल्या वैशाखात इंदूरला आमच्या नात्यातल्या एका मुलाची मुंज झाली. वडील मराठी ऋग्वेदी, आई तमिळ. दोन्हीकडच्या आज्यांच्या याद्या जुळेनात, म्हणून त्या तरुण जोडप्याने मला विचारले, "काका, यातले सोडू नये असे काय, आणि घरोघर बदलते ते काय?" आज त्याचेच उत्तर देतो.

सुरुवात नावापासून करू. आपण मराठी माणसे 'मुंज' म्हणतो, कन्नडमध्येही 'मुंजी' म्हणतात. हे नाव बटूच्या कमरेला बांधायच्या मुंज गवताच्या मेखलेवरून आले. हिंदीत 'जनेऊ', गुजरातीत 'जनोई', बंगालीत 'पैते', तमिळमध्ये 'पूणल' ही नावे मात्र गळ्यातल्या सूत्राची. आणि 'उपनयन' म्हणजे जवळ नेणे. मुलाला शिकण्यासाठी गुरूजवळ नेणे, हा मूळ विधी.

जानवे महत्त्वाचे खरेच, पण त्याचा इतिहास ऐका. आपस्तंब धर्मसूत्र सांगते की उपरणे नेहमी असावे, किंवा त्याच्याऐवजी नुसते सूत्र चालेल. म्हणजे डाव्या खांद्यावरून उजव्या काखेखाली घ्यायचे वस्त्र आधी, आणि दोरा त्याच्या बदली आला. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हे सविस्तर दाखवले आहे.

आता आपल्याकडचा क्रम. आधी मातृभोजन: आई आणि मुलगा एका ताटात जेवतात, सोबत अष्टवर्गाचे आठ बटू. मग क्षौर, स्नान, अंतरपाट आणि मंगलाष्टके. पुढे लंगोटी, मेखला, जानवे, हातात पळसाचा दंड. त्यानंतर वडील आणि मुलगा एका वस्त्राखाली बसतात आणि गायत्रीचा उपदेश होतो: आधी एकेक चरण, मग अर्धा मंत्र, मग सगळा. शेवटी भिक्षावळ. आश्वलायन गृह्यसूत्र म्हणते, जी व्यक्ती नाही म्हणणार नाही तिच्याकडे पहिली भिक्षा मागावी. म्हणून पहिली मूठ आईची.

इंदूरला अडले ते इथे. तमिळ आजी म्हणाल्या, "आमच्याकडे कुमारभोजन असते, मातृभोजन नाही." मी म्हटले, दोन्ही जेवणे लोकाचाराची आहेत, एका दिवशी दोन्ही होऊ शकतील. तशी ती झाली. बंगालमध्ये कित्येक घरांत बटूला तीन दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. इंदूरला त्याची गरज नव्हती. पण मंत्रोपदेश यांपैकी सगळीकडे आहे, म्हणूनच दक्षिणेत 'ब्रह्मोपदेश' असेही म्हणतात.

आणि नेमका तोच क्षण बहुतेक कार्यालयांत हरवतो. बाहेर बँड, वस्त्राखाली छायाचित्रकाराचा हात, गुरुजींना जेवणाची घाई. चुकले की नाही हे ओळखायची एक सोपी खूण आहे: संध्याकाळी मुलाला एकट्याला मंत्र म्हणायला सांगा. येत नसेल तर समारंभ झाला, उपनयन झाले नाही. आम्ही त्या मुलाला महिनाभर आधी रोज एक चरण म्हणायला लावला, आणि उपदेशाच्या वेळी पंधरा मिनिटे बँड बंद ठेवला. खर्च शून्य. दुसरी चूक म्हणजे सोडमुंज. जी गुरुगृहीच्या शिक्षणानंतर व्हायची, ती आज त्याच दिवशी संध्याकाळी उरकतात. वेळ नसेल तर हरकत नाही, पण मुलाला तिचा अर्थ तरी सांगा.

शेवटचा प्रश्न त्या मुलाच्या मोठ्या बहिणीने विचारला: "माझी का नाही?" तिला मी दोन गोष्टी सांगितल्या. हारीताच्या वचनात उपनयन होणाऱ्या ब्रह्मवादिनी स्त्रियांचा उल्लेख आहे, आणि आज पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीत मुलींचेही उपनयन होते. दुसरी गोष्ट १६७४ ची. रायगडावर राज्याभिषेकाआधी शिवाजी महाराजांची मुंज करावी लागली. तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते, वडील होते, राज्य उभे केलेले होते. ब्राह्मणाला आठवे, क्षत्रियाला अकरावे आणि वैश्याला बारावे वर्ष सूत्रांनीच सांगितलेले, तरी ज्यांना शूद्र ठरवले त्यांना आणि पुढे मुलींनाही हा दरवाजा बंद झाला. ज्ञानाजवळ नेण्याचा हा संस्कार कितीतरी माणसांना दूर ठेवायला वापरला गेला. हेही मुलांना मुंजीच्या दिवशीच सांगायला हवे.

त्या दोघांनी पुढच्या वर्षी मुलीचीही करायचे ठरवले आहे. दोन्ही आज्या अजून बोललेल्या नाहीत, पण मंत्र तिला पाठ आहे. भावाच्या शेजारी बसून तिने तो महिनाभर ऐकला होता.