रद्द झालेला पोल कुठे जातो?

स्थिरतेच्या दोन व्याख्या तुम्ही शिकता, कारण प्रश्नच दोन होते. 1892 मध्ये ल्यापुनोव्हने विचारले : सुरुवातीची अवस्था थोडी ढळली, तर प्रणाली आपोआप पूर्वस्थितीला येईल का? ही अंतर्गत स्थिरता. पुढे नायक्विस्ट आणि बोडे यांच्या पिढीने टेलिफोनच्या अॅम्प्लिफायरकडे बाहेरून, इनपुट-आउटपुटमधून पाहिले. त्या दृष्टीतून बिबो स्थिरता येते : सुरुवातीची अवस्था शून्य धरायची आणि मर्यादित इनपुटला मर्यादित आउटपुट मिळते का, ते पाहायचे.

दोन्ही उत्तरे कुठे फुटतात, ते पाहा. `1/(s-1)` या अस्थिर यंत्राआधी `(s-1)/(s+1)` हा कॉम्पेन्सेटर जोडा. गुणाकार `1/(s+1)`, म्हणजे बिबो स्थिर. आता इनपुट शून्य ठेवा, पण यंत्राची अवस्था 0.001 असू द्या. ती `0.001e^t` अशी वाढते आणि 10 सेकंदांत सुमारे 22 होते. पोल कागदावर रद्द झाला, यंत्रात नाही.

क्रम उलटा केला, तर `1` या स्थिर इनपुटला आउटपुट `1-e^(-t)` असे शांत दिसते. आत मात्र अवस्था `e^t-1` वाढत जाते आणि शेवटी अॅम्प्लिफायर संपृक्त होतो.

1963 मध्ये काल्मनने कारण दाखवले : ट्रान्सफर फंक्शनमध्ये प्रणालीचा फक्त नियंत्रणक्षम आणि निरीक्षणक्षम भाग उतरतो. पहिल्या जोडणीत `e^t` नियंत्रणाबाहेर होता, दुसऱ्या जोडणीत नजरेआड.

रेषीय, कालस्थिर प्रणालीत अंतर्गत स्थिरतेतून बिबो स्थिरता मिळतेच. उलट मिळेलच असे नाही. म्हणून पोल रद्द करण्यापूर्वी अवस्था-मॅट्रिक्सची आयगेनमूल्ये तपासा.