संकेतांतर, वाक्यांतर्गत
एकाच वाक्यात एका भाषेतून दुसरीत जाण्याची द्विभाषिकांची रीत. ती स्वैर नसून नियमबद्ध असते. मात्र नियमाविषयी दोन मते आहेत.

शाना पॉपलॅक यांनी न्यूयॉर्कमधील प्वेर्तो रीकन लोकांच्या स्पॅनिश-इंग्रजी संभाषणावरून १९८० मध्ये समतुल्यतेचा नियम मांडला. दोन्ही भाषांचा शब्दक्रम जुळेल तेथेच भाषा बदलते, असे तो सांगतो. या दोन्ही भाषांत क्रियापद सामान्यतः नामरूप कर्मापूर्वी येते. मराठीत ते नंतर येते.

पुण्यात जन्मलेले अरविंद जोशी (१९२९–२०१७) यांनी १९८२ मध्ये मराठी-इंग्रजी मिश्रणावरून वेगळा विचार मांडला. त्यानुसार आधारभाषा वाक्याचा सांगाडा पुरविते. तिच्यातून दुसरीत जाता येते, पण शब्दयोगी अव्यये, सहायक क्रियापदे इ. घटक बदलत नाहीत. कॅरल मायर्स-स्कॉटन यांनी १९९३ मध्ये स्वाहिली-इंग्रजी संभाषणाच्या आधारे आधारभाषेची कल्पना विस्ताराने मांडली.

पवनीसारख्या तालुक्याच्या गावी कचेरीत संभवणारे वाक्य घ्यावे : ‘न्यू अ‍ॅप्लिकेशन्सवर सही करून रिपोर्ट सबमिट करा.’ इंग्रजीत ‘ऑन’ नामापूर्वी येते, मराठीत ‘वर’ नामानंतर. म्हणून समतुल्यतेच्या नियमाने हा जोड निषिद्ध ठरतो. आधारभाषा मराठी मानल्यास तो सहज उलगडतो. ‘ऑन अर्ज सही करा’ असे मात्र कोणी म्हणत नाही. सुटे शब्द उसने असतात, हे पॉपलॅक यांचे उत्तर ‘रिपोर्ट’ला लागू पडते. इंग्रजी विशेषण व अनेकवचन राखणाऱ्या ‘न्यू अ‍ॅप्लिकेशन्स’ला ते पुरेसे नाही.

आधारभाषेच्या मतालाही मर्यादा आहे. ‘साहेब म्हणाले, दॅट फाइल इज मिसिंग’ यात उपवाक्यागणिक सांगाडाच बदलतो. म्हणून आधारभाषा प्रत्येक उपवाक्यापुरती ठरवावी लागते.