इन्फ्लुएन्सर मोहिमेचा अहवाल : सवलत कोड आणि ट्रॅकिंग लिंक यांवरून किती कळते?

इन्फ्लुएन्सरकडून जाहिरात करून घेतल्यानंतर व्यावसायिकाचा पहिला प्रश्न असतो तो विक्री किती झाली हा. ज्याची सर्व विक्री स्वतःच्या संकेतस्थळावर होते, त्याला उत्तर देणे फारसे अवघड नसते. आपल्याकडील लहान उत्पादकांचा बराच माल मात्र दुकानांतून, मोठ्या ऑनलाइन बाजारांतून आणि व्हॉट्सअॅपवरील मागणीतून जातो. तेथे कोणत्या ग्राहकाने कोणाची रील पाहून खरेदी केली, याची नोंद उत्पादकाच्या हाती येत नाही. मग सवलत कोड आणि ट्रॅकिंग लिंक या दोनच खुणा उरतात. त्या प्रत्यक्ष काय मोजतात, हे समजून घेतल्याशिवाय अहवाल विश्वासार्ह होत नाही.

दोन खुणा, दोन मोजमापे

लिंक ग्राहकाचा मार्ग नोंदवते. पत्त्याच्या शेवटी जोडलेल्या खुणांमुळे भेट कोठून आली, हे गुगल अॅनालिटिक्ससारख्या साधनात दिसते. उदाहरणार्थ :

```
https://example.in/kaju?utm_source=instagram&utm_medium=influencer&utm_campaign=chaturthi&utm_content=a_story
```

येथे `utm_content` मध्ये इन्फ्लुएन्सरची खूण आणि पोस्टचा प्रकार लिहिला आहे. लहान व मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी मानली जातात. एका लिंकमध्ये `instagram` आणि दुसरीत `Instagram` लिहिले, तर अहवालात दोन ओळी होतात. म्हणून सर्व लिंका एकाच हाताने तयार कराव्यात आणि देण्यापूर्वी मोबाइलवर उघडून पाहाव्यात.

कोड नोंदवतो तो ग्राहकाचा दावा. इन्स्टाग्रामच्या रीलखालील मजकुरात दिलेली लिंक दाबता येत नाही. प्रेक्षक कोड लक्षात ठेवतो आणि दोन दिवसांनी थेट संकेतस्थळावर येऊन खरेदी करतो. ही खरेदी लिंकला दिसत नाही, कोडला दिसते. याउलट स्टोरीतील लिंक दाबून आलेला ग्राहक कोड टाकायला विसरतो, तेव्हा ती केवळ लिंकला दिसते. म्हणून दोन्ही खुणा लागतात. पण त्यांची बेरीज करून चालत नाही.

एक उदाहरण

समजा, फोंड्यातील एका काजू उत्पादकाने चतुर्थीपूर्वी तीन इन्फ्लुएन्सरना प्रत्येकी 20,000 रुपये मानधन दिले. प्रत्येकाला स्वतंत्र कोड आणि 10 टक्के सवलत. सरासरी ऑर्डर 700 रुपयांची असून खर्च वजा जाता तीमागे 280 रुपये उरतात. कोड वापरल्यास 70 रुपये कमी होऊन 210 उरतात. चौदा दिवसांत संकेतस्थळावर 200 ऑर्डरी आल्या. त्यांपैकी 47 मध्ये कोड होता आणि 31 लिंकवरून आल्या होत्या.

घाईने लिहिलेला अहवाल म्हणेल, 78 ऑर्डरी. परंतु ऑर्डर क्रमांक जुळवून पाहिल्यावर 19 ऑर्डरींमध्ये दोन्ही खुणा आढळल्या. म्हणजे वेगळ्या ऑर्डरी 59 झाल्या.

आता दुसरी चाळणी. मोहिमेच्या शेवटच्या दिवसांत लिंकवरील भेटी जवळजवळ थांबल्या. तरीही एका कोडचा वापर अचानक वाढला. असे दिसले की कोड सवलतींची यादी देणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर पोहोचल्याचा संशय घ्यावा. इंटरनेटवर आपल्या दुकानाचे नाव आणि ‘कूपन’ असा शोध घेतला की खात्री होते. असे ग्राहक बहुधा खरेदी ठरवूनच आलेले असतात आणि पैसे भरताना सवलत शोधतात. येथे अशा 9 ऑर्डरी बाजूला काढल्या. राहिल्या 50, हीच नोंदलेली संख्या. त्यांत 38 कोडच्या आणि 12 केवळ लिंकच्या. उरलेली रक्कम अनुक्रमे 7,980 आणि 3,360, एकूण 11,340 रुपये.

न दिसणाऱ्या ऑर्डरींचा अंदाज

कोणतीही खूण नसलेल्या ऑर्डरींतही काही ग्राहक मोहिमेमुळे आलेले असू शकतात. त्यांचा अंदाज घेण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे पैसे भरून झाल्यावर एकच प्रश्न विचारणे : ‘आमच्याविषयी आपण प्रथम कोठे ऐकले?’ आपल्या उदाहरणात उरलेल्या 150 ऑर्डरींपैकी 90 ग्राहकांनी उत्तर दिले आणि 18 जणांनी इन्फ्लुएन्सरचे नाव सांगितले. तेव्हा 50 नोंदलेल्या व 18 सांगितलेल्या मिळून 68 होतात. उत्तर न देणाऱ्यांतही हेच प्रमाण आहे असे धरले, तर 150 मध्ये 30, म्हणजे एकूण 80. हे गृहीतक आहे, मोजमाप नव्हे. त्यामुळे अहवालात 50, 68 आणि 80 हे तिन्ही आकडे स्वतंत्र लिहावेत आणि प्रत्येक कोठून आला ते सांगावे.

दुकानांतील विक्री

दुकानांत कोड नसतो. तेथे तुलनाच करावी लागते. इन्फ्लुएन्सरचा प्रेक्षक मुख्यतः गोव्यातील असेल, तर गोव्यातील दुकानांची विक्री बेळगावातील दुकानांशी ताडून पाहता येते. गतवर्षीशी तुलना करताना इंग्रजी तारीख घेऊ नये. गणेश चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला, तर 2025 मध्ये 27 ऑगस्टला होती. म्हणून चतुर्थीपूर्वीचे चौदा दिवस हेच माप घ्यावे.

समजा, गोव्यात वाढ 8 टक्के आणि बेळगावात 5 टक्के आढळली; परंतु एरवीही या दुकानांची विक्री आठवड्यागणिक 10 टक्क्यांनी वरखाली होते. अशा वेळी 3 टक्क्यांचा फरक मोहिमेच्या खात्यावर जमा करता येत नाही. ‘दुकानांवरील परिणाम या आकड्यांतून ठरत नाही’ असेच लिहावे.

निर्णयासाठी काय उरते?

80 ऑर्डरी मान्य केल्या, तरी वाढीव 30 ऑर्डरींचे 8,400 रुपये धरून एकूण 19,740 रुपये होतात. खर्च 60,000 रुपयांचा. उरलेले 40,260 रुपये भरून निघण्यास आणखी सुमारे 144 ऑर्डरी हव्यात. त्या पुनर्खरेदीतून किंवा दुकानांतूनच येऊ शकतात. हा आकडा अहवालात असला की उत्पादकाला स्वतःच्या अनुभवावरून ते शक्य वाटते का, हे ठरवता येते.

नोंदी विरळ असल्या तरी इन्फ्लुएन्सरांची आपसांतील तुलना काही अंशी उपयोगी पडते. 50 पैकी अ कडून 31, ब कडून 12 आणि क कडून 7 ऑर्डरी आल्या असतील, तर अ स्पष्टपणे पुढे आहे. ब आणि क यांच्यातील फरक मात्र एवढ्या लहान संख्येत योगायोगानेही पडू शकतो. शिवाय अ ने स्टोरीत लिंक दिली आणि क ने केवळ रील केली असेल, तर तुलना माणसांची न राहता पोस्टच्या प्रकारांची होते. पुढील मोहिमेत तिघांना तेच प्रकार आणि तेच दिवस देणे, हा त्यावरील उपाय होय.