खनिज निधीसाठी समितीपुढे मागणी कशी मांडावी? सूरजागड परिसरातील पाणी योजनेचे उदाहरण

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज काढले जाते. खाणीमुळे बाधित होणाऱ्या गावांसाठी जिल्ह्यात एक स्वतंत्र निधी असतो. तो जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमा होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखालील समिती त्यातून कामे मंजूर करते. मागणी रास्त असूनही अनेकदा ती बैठकीत मागे पडते, कारण सदस्यांनी विचारलेल्या साध्या प्रश्नाला कागदावर उत्तर नसते. हे प्रश्न बहुतेक वेळा ठरलेले असतात, त्यामुळे त्यांची तयारी आधी करता येते.

हा निधी कुठून येतो?

खाण कायद्यात 2015 साली झालेल्या दुरुस्तीनुसार खाणपट्टाधारकाला स्वामित्वधनाव्यतिरिक्त काही रक्कम प्रतिष्ठानला द्यावी लागते. 12 जानेवारी 2015 पूर्वीच्या पट्ट्यांसाठी ती स्वामित्वधनाच्या 30 टक्के आहे. सूरजागडचा पट्टा 2007 मधला आहे. हा पैसा प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या नियमांनी खर्च होतो. जानेवारी 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांप्रमाणे किमान 70 टक्के निधी उच्च प्राधान्याच्या कामांवर खर्च करायचा असतो, आणि पिण्याचे पाणी त्यात येते.

पहिला आक्षेप गावातच येतो

समजा, खाणीजवळच्या 62 घरांच्या एका टोल्याला नळाचे पाणी हवे आहे. ग्रामसभेत कोणीतरी विचारतेच, "खाणीला आपला विरोध आहे, मग खाणीचाच पैसा कसा घ्यायचा? उद्या तीच संमती धरली तर?"

ही शंका टाळून पुढे जाऊ नये. ही रक्कम कंपनीची देणगी नाही. गाव मागो वा न मागो, कायद्याने ती जमा होतेच, आणि ती मागितल्याने खाणीला संमती दिली असे होत नाही. तरीही ठरावाची भाषा सांभाळावी लागते. ठरावात फक्त पाणी योजनेचा विषय असावा आणि शेवटी स्पष्ट वाक्य असावे: "हा ठराव केवळ पिण्याच्या पाण्याच्या कामापुरता असून खाणकाम, खाणविस्तार किंवा जमीन यांबाबतची संमती समजू नये." कोऱ्या कागदावर किंवा नुसत्या हजेरीपटावर सह्या देऊ नयेत. ठराव वाचून दाखवावा, माडिया भाषेत समजावून सांगावा आणि मगच सह्या घ्याव्यात.

समितीचे चार प्रश्न

*"हे गाव बाधित क्षेत्रात येते का?"* 2024 च्या सूचनांनुसार खाणीपासून 15 किलोमीटरच्या परिघातील क्षेत्र प्रत्यक्ष बाधित आणि 25 किलोमीटरपर्यंतचे अप्रत्यक्ष बाधित धरले जाते. हे अंतर परिघाचे, म्हणजे सरळ रेषेतले असते. गावकरी रस्त्याचे अंतर सांगतात आणि तिथेच घोटाळा होतो. प्रतिष्ठानच्या बाधित गावांच्या यादीत आपले नाव आहे का, हे आधी पाहावे. पुष्कळदा महसुली गावाचे नाव यादीत असते, पण टोल्याचे नसते. अशा वेळी टोला त्याच महसुली गावाचा असल्याचा तलाठ्याचा दाखला जोडावा.

*"ही तर जलजीवन मिशनची कामे, इथे कशाला?"* खनिज निधी चालू सरकारी योजनांना पूरक असावा, त्यांची जागा घेऊ नये, असा नियम आहे. म्हणून हा प्रश्न योग्यच असतो. "आमच्याकडे काहीच आले नाही" हे त्याचे उत्तर होत नाही. हा टोला मंजूर योजनेत समाविष्ट नाही, असे जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाचे पत्र लागते. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज सर्वांत आधी करावा.

*"जागा वनजमिनीत आहे, परवानगी कुठे?"* वन हक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) मध्ये पिण्याचे पाणी व जलवाहिनी यांसारख्या सुविधांसाठी वेगळी वाट दिली आहे. प्रत्येक कामाला लागणारी जमीन एक हेक्टरपेक्षा कमी असावी, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. मग प्रस्ताव उपवनसंरक्षकांकडे जातो. टाकीची आणि वाहिनीची जागा नकाशावर दाखवून झाडांची संख्या लिहिली की या प्रश्नाचे उत्तर पूर्ण होते.

*"उन्हाळ्यात बोअर आटली तर?"* इथे आकडे लागतात. टोल्यात 290 माणसे आहेत. माणशी रोज 55 लिटर धरले तर सुमारे 16,000 लिटर पाणी लागते, म्हणजे 5,000 लिटरची टाकी दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा भरावी लागेल. सौर पंप दिवसाला सहा तास चालेल असे धरले, तर बोअरने तासाला साधारण 2,700 लिटर पाणी दिले पाहिजे. क्षमता चाचणी एप्रिल-मे महिन्यात घ्यावी. ऑगस्टच्या चाचणीचा आकडा दाखवला तर जाणकार सदस्य तो लगेच बाजूला ठेवतो. दुहेरी पंप योजनेत त्याच बोअरवर हातपंपही राहतो, त्यामुळे सौर पंप बिघडला तरी पाणी पूर्ण बंद होत नाही.

देखभालीचा हिशेब खरा सांगावा

घरटी महिना 50 रुपये पाणीपट्टी धरली तर 62 घरांचे वर्षाला 37,200 रुपये होतात. पंप चालवणाऱ्याला महिना 1,500 प्रमाणे 18,000 आणि दुरुस्ती व टाकी सफाईला 12,000, असा खर्च 30,000 रुपये धरू. 7,200 रुपये शिल्लक राहतात. पण सगळी घरे पैसे भरतील, असे समितीतील कोणी मानत नाही. 50 घरांनी भरले तर बरोबर 30,000 जमतात आणि पंप जळाला तर हाती काही उरत नाही. हे आपणच सांगावे, आणि मोठ्या दुरुस्तीची जबाबदारी घेणारा ग्रामपंचायतीचा ठराव पुढे ठेवावा. उणीव झाकली आणि ती सदस्याने शोधली, तर बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही जातो.

रक्कम कापली तर

"इतके देता येणार नाही, कमी करा," असे ऐनवेळी सांगितले जाते. काय सोडायचे हे ग्रामसभेने आधीच ठरवलेले असावे. घरोघरच्या नळजोडण्या पुढच्या टप्प्यात ढकलून चार सार्वजनिक नळकोंडाळी मागता येतात. बोअर, पंप किंवा टाकीची क्षमता मात्र कमी करू नये, कारण नंतर वाढवायची तर तोच खर्च पुन्हा करावा लागतो. यासाठी शाखा अभियंत्याकडून दर्जा आणि परिमाणाप्रमाणे दोन अंदाजपत्रके तयार करून घ्यावीत, एक पूर्ण कामाचे आणि एक पहिल्या टप्प्याचे.

बैठकीत बोलायला पाच-सात मिनिटेच मिळतात. त्यामुळे मागणी एका पानावर असावी आणि मागे ठराव, बाधित क्षेत्राचा दाखला, पाणीपुरवठा विभागाचे पत्र, वनजमिनीचा नकाशा, चाचणी अहवाल व अंदाजपत्रक याच क्रमाने क्रमांक घालून लावावेत. प्रश्न आला की पान क्रमांक सांगता येतो. एखाद्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर अंदाजाने सांगू नये. कोणता कागद, कोणत्या तारखेपर्यंत देऊ, हे सांगून ते इतिवृत्तात नोंदवायला लावावे. इतिवृत्ताची प्रत हाती आली की त्यात मंजूर रक्कम आणि काम करणारी यंत्रणा दोन्ही लिहिली आहेत का, ते तपासावे. यंत्रणेचे नाव नसलेली मंजुरी बहुधा कागदावरच राहते.